धागा : पानावरच्या सगळ्या लिंक एका यादीत ऐकल्या तर? 24 लिंकना नावं कशी द्यावीत

गोदाकाठ

आमच्या शेतकरी गटाचं एक पान आहे. दर आठवड्याला मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी सोयाबीन, कापूस आणि तूर यांचे वेगवेगळे सल्ले त्यावर पीडीएफ स्वरूपात येतात. म्हणजे आठ गुणिले तीन, एकूण 24 लिंक. मजकूर मी लिहिते, पान दुसरे सहकारी चढवतात. रचना अशी की जिल्ह्याच्या नावाचं शीर्षक, खाली पिकाबद्दल दोन ओळी आणि शेवटी "अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा".

गटातल्या एका अंध सभासदांनी कळवलं की "लिंकची यादी काढली की मला चोवीस वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू येतं". पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर पान वरून खाली वाचतो एवढंच मला माहीत होतं. ही यादी नेमकी कशी निघते, ती कधी काढतात, आणि ती डोळ्यासमोर ठेवून या 24 लिंकना काय नावं द्यावीत? कृपया प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगावं.

बिंदुस्पर्श

ताई, मी रोज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, त्यावरूनच सांगतो.

विंडोजवर ब्राउझरमध्ये पान उघडं असताना `Insert+F7` दाबलं की `Elements List` नावाची खिडकी उघडते. तीत वर पर्याय असतात : लिंक, शीर्षकं, फॉर्मचे रकाने, बटणं, पानाचे विभाग. लिंकसाठी `Alt+K`, शीर्षकांसाठी `Alt+H`. खाली यादी येते, ती पानावरच्या क्रमानेच असते. खाली बाण दाबत गेलं की एकेक नाव ऐकू येतं. हवी ती सापडली की एन्टर, लिंक उघडते. यादीखाली `Filter by` असा रकाना आहे. त्यात शब्द लिहिला की तो ज्या लिंकच्या नावात आहे तेवढ्याच उरतात. आणि `Move to` असं एक बटण आहे. त्याने लिंक उघडत नाही, फक्त कर्सर पानावर त्या जागी जाऊन बसतो.

आता तुमच्या पानाचं काय होतं ते बघा. या खिडकीत फक्त लिंकचं नाव येतं. वरचं "हिंगोली" हे शीर्षक येत नाही, आधीच्या दोन ओळीही येत नाहीत. त्यामुळे यादी अशी ऐकू येते : मुख्यपान, हवामान, संपर्क, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा... यातली हिंगोलीची तूर कोणती? एकच मार्ग उरतो. एकेका लिंकवर `Move to` करायचं, पानावर जाऊन वर बाण दाबून मागच्या ओळी ऐकायच्या, चुकलं असेल तर पुन्हा `Insert+F7`. चोवीस पोरांचं नाव एकच ठेवल्यावर हजेरी कशी घ्यायची, तसं आहे हे.

यादी कधी काढतो? काय हवंय ते आधीच माहीत असेल तेव्हा. तुमचं पान दर आठवड्याला उघडणारा माणूस पहिल्या आठवड्यात सगळं ऐकेल, पुढच्या वेळी थेट यादीवर जाईल.

हुरडा

चांगली कल्पना आहे. पानाच्या शेवटी "या पानावरील सर्व लिंक" असा एक तक्ता द्यावा, म्हणजे सगळ्यांचीच सोय. आमच्या वाचनालयाच्या पानावर तसं करता येईल का?

मांजराकाठ

हुरडा, लेखकाने यादी लिहायची नाहीये हो. यादी स्क्रीन रीडर स्वतः बनवतो. शेवटी तुम्ही आणखी 24 लिंक दिल्या तर त्याच्या यादीत 48 होतील!

हुरडा

अच्छा, म्हणजे आपण फक्त नावं नीट ठेवायची. समजलं.

दुधनेकर

मी वेबसाइटी बनवतो. यावर सोपा उपाय आहे, मजकूर बदलायची गरज नाही. "येथे क्लिक करा" तसंच ठेवा आणि लिंकला `title` लावा :

```html
<a href="hingoli-tur.pdf" title="हिंगोली तूर सल्ला">येथे क्लिक करा</a>
```

माउस नेला की पिवळ्या पट्टीत नाव दिसतं आणि स्क्रीन रीडरही तेच वाचतो. अंध वाचक सगळे लिंकच्या यादीवरूनच वाचतात, त्यामुळे पानातल्या वाक्याला हात लावायचं कारण नाही.

बिंदुस्पर्श

दुधनेकर साहेब, दोन्ही गोष्टी अर्ध्याच बरोबर आहेत.

लिंकला आत मजकूर असेल तर तिचं नाव त्या मजकुरावरून ठरतं. `title` तेव्हा नाव होत नाही, जोडीचं वर्णन होतं. टॅब दाबत लिंकवर आलो तर ते नावानंतर ऐकू येऊ शकतं. पण `Insert+F7` च्या यादीत "येथे क्लिक करा" एवढंच राहतं, म्हणजे जिथे अडचण आहे तिथेच उपाय पोचत नाही. शिवाय मोबाइलवर बोट धरून वाचणाऱ्या डोळस माणसालाही ती पिवळी पट्टी दिसत नाही. `title` नाव होतं ते लिंकच्या आत दुसरं काहीच नसेल तेव्हा.

आणि सगळे यादीवरूनच वाचतात असं नाही. नव्या पानावर मी आधी `H` दाबत शीर्षकांवरून फिरतो. कधी `K` दाबून पुढच्या लिंकवर जातो, कधी सरळ वाचत सुटतो. यादी हे त्यातलं एक साधन आहे. त्यामुळे वाक्यही नीट हवं आणि लिंकचं नावही.

दुधनेकर

`title` चं मान्य, आत्ता एनव्हीडीए उतरवून बघितलं. यादीत खरंच येत नाही. इतकी वर्षं लावत होतो.

वर्ग_संगणकाचा

अंध विद्यार्थ्यांना संगणक शिकवताना हा भाग रोज येतो, म्हणून इतर साधनांचं सांगते.

जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही `Insert+F7` च आहे, पण तिथे फक्त लिंकची खिडकी उघडते. शीर्षकांना `Insert+F6`. जॉजच्या खिडकीत यादी पानाच्या क्रमाने किंवा अक्षरक्रमाने लावता येते आणि उघडलेल्या-न उघडलेल्या लिंक वेगळ्या काढता येतात. अक्षरक्रम लावला की "अधिक वाचा" नावाच्या सगळ्या लिंक एका जागी गोळा होतात आणि कुठली कुठल्या जिल्ह्याखालची याचा उरलासुरला अंदाजही जातो. विंडोजच्या नॅरेटरमध्ये नॅरेटर कळ आणि `F7`. मॅकवर व्हॉइसओव्हर सुरू असताना `Control+Option+U`, मग डावी-उजवी बाणाने लिंक, शीर्षकं वगैरे याद्या बदलतात आणि टाइप केलं की यादी गाळली जाते.

मोबाइलवर चाल जरा वेगळी आहे. आयफोनवर दोन बोटं पडद्यावर किल्ली फिरवल्यासारखी फिरवून "लिंक" निवडतात आणि मग एका बोटाने वरून खाली ओढत एकेका लिंकवर जातात. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये वाचनाचा पर्याय "लिंक" वर आणून वर-खाली ओढायचं. खिडकी उघडत नाही, पण परिणाम तोच : लिंकमागून लिंक, मधलं वाक्य गाळून. गावाकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच असतो, तेव्हा गोदाकाठताईंनी तेही धरून चालावं.

शब्दवेल्हाळ

मुद्रितशोधन करणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट. "येथे क्लिक करा" हे इंग्रजी पानांच्या सवयीतून आलं असावं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, कर्म आधी येतं. "हिंगोलीसाठी तुरीचा सल्ला वाचा" हे वाक्य आपण सहज लिहितो आणि दुव्याला हवं असलेलं नाव त्यात आपोआप सुरुवातीलाच आहे. दुवा शेवटच्या दोन शब्दांवर न लावता आधीच्या शब्दांवर लावला की काम झालं.

पण मराठीत एक खोच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. विभक्तिप्रत्यय. "कीड नियंत्रणाची पद्धत माहितीपत्रकात दिली आहे" असं वाक्य आहे आणि लेखक "माहितीपत्रक" एवढ्यावरच दुवा लावायला जातो. मग असं होतं :

```html
कीड नियंत्रणाची पद्धत <a href="kid.pdf">माहितीपत्रका</a>त दिली आहे.
```

दिसायला ठीक दिसतं, निळ्या अक्षरांना एक काळा "त" चिकटलेला. ऐकायला मात्र शब्द मोडतो. "माहितीपत्रका" नंतर थांबून "त दिली आहे". आणि काना किंवा वेलांटी दुव्याबाहेर राहिली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. तेव्हा प्रत्ययासकट पूर्ण शब्द दुव्यात घ्यावा, किंवा वाक्य फिरवून नाम प्रथमेत आणावं : "कीड नियंत्रणाची पद्धत : गुलाबी बोंडअळी माहितीपत्रक".

बिंदुस्पर्श

शब्दवेल्हाळ, तुटलेला "त" मी कितीदा ऐकलाय! यादीत "माहितीपत्रका" असं येतं तेव्हा कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. सुटी नावं यादीत फार स्वच्छ वाजतात.

पाटोदेकर

आमचं पान बिन काई नाही. आमी सगळं व्हॉट्सॲपवरच पाठवायलोत. तिथं लिंकला नाव देताच येत नाही, लांबलचक पत्ता जसाच्या तसा जातो. मंग आमी काय करावं? कामून की गटात दोघं जण स्क्रीन रीडरवालेच हायेत.

वर्ग_संगणकाचा

दादा, तिथे नाव देता येत नाही हे खरं. म्हणून नाव पत्त्याच्या आधी, वेगळ्या ओळीवर लिहा. "बीड, कापूस सल्ला, पीडीएफ" ही एक ओळ आणि खालच्या ओळीवर पत्ता. टॉकबॅक संदेश सुरुवातीपासून वाचतो. नाव आधी आलं की पुढची अक्षरं-आकडे ऐकायची गरज राहत नाही, बोट उचलून पुढे जाता येतं. पत्ता आधी आला तर तो सगळा ऐकेपर्यंत कशाबद्दल आहे ते कळत नाही. एका संदेशात एकच पत्ता ठेवा. चार सल्ले असतील तर चार संदेश.

पाटोदेकर

हे जमंल. आजपासून तसंच करतो, ताई.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. पहिला खर्डा असा केलाय, बघून सांगा :

"साप्ताहिक पीक सल्ला : हिंगोली जिल्हा : सोयाबीन"
"साप्ताहिक पीक सल्ला : हिंगोली जिल्हा : कापूस"
"साप्ताहिक पीक सल्ला : हिंगोली जिल्हा : तूर"

आणि असंच पुढे आठही जिल्ह्यांना. आता कुठलीच दोन नावं सारखी नाहीत.

बिंदुस्पर्श

ताई, नावं वेगळी झाली, पण वेगळेपण शेवटी गेलं. यादीत मी बाण दाबतो तेव्हा चालू नाव अर्धवट तोडून आवाज पुढच्या नावावर जातो. सराव असलेला माणूस पहिला शब्द ऐकूनच पुढचा बाण दाबतो. तुमच्या खर्ड्यात मला "साप्ताहिक पी, साप्ताहिक पी, साप्ताहिक पी" असं ऐकू येईल. प्रत्येक वेळी "साप्ताहिक पीक सल्ला" पूर्ण होईपर्यंत थांबायचं, तेही चोवीसदा.

दुसरं म्हणजे एनव्हीडीएच्या यादीत अक्षर दाबलं की त्या अक्षराने सुरू होणाऱ्या पुढच्या नावावर उडी मारता येते. तुमची सगळी नावं "सा" ने सुरू झाली की ती सोय मेली. आणि आपल्या आठ जिल्ह्यांचं भाग्य बघा : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली. आठही नावांचं पहिलं अक्षर वेगळं आहे! जिल्हा आधी ठेवा. "हिंगोली : सोयाबीन सल्ला". "साप्ताहिक" पानाच्या मुख्य शीर्षकात आहेच, लिंकमध्ये नको.

अट एकच. उडी मारायला कळफलक मराठीवर हवा. इनस्क्रिप्टमध्ये ह `U` वर आहे, ल `N` वर. इंग्रजी कळफलक ठेवून `H` दाबला तर हिंगोली येणार नाही. आणि तुमच्या वरच्या पट्टीत "हवामान" आहे, त्यामुळे ह दाबल्यावर पहिल्यांदा तेच येईल, दुसऱ्यांदा हिंगोली. तेवढं चालतं.

मांजराकाठ

मला उलटं वाटतं. शेतकरी पीक शोधतो. "सोयाबीन : हिंगोली" असं हवं. ज्याच्याकडे फक्त तूर आहे त्याने आठ जिल्हे का ऐकावेत?

बिंदुस्पर्श

पण ज्याची तूर आहे त्याचं शेतही एकाच जिल्ह्यात आहे ना? त्याला जिल्ह्याच्या तीनच लिंक ऐकाव्या लागतील. पीक आधी ठेवलं तर आठ ऐकाव्या लागतील. व्यापाऱ्याचं उलटं असेल, त्याला एका पिकाचे आठही जिल्हे हवेत. वाचक कोण ते ताईंना माहीत.

गाळणी वापरणाऱ्याला मात्र क्रमाने काही फरक पडत नाही. `Filter by` मध्ये लिहिलेला शब्द नावात कुठेही असला तरी सापडतो. क्रम महत्त्वाचा आहे तो ऐकत जाणाऱ्याला आणि अक्षराने उडी मारणाऱ्याला.

शब्दवेल्हाळ

गाळणी कुठेही शोधते, पण जसंच्या तसं शोधते ना? मग शुद्धलेखन इथे थेट कामाचं झालं. एका आठवड्यात "सोयाबीन" आणि दुसऱ्या आठवड्यात "सोयाबिन" असं लिहिलं तर वेलांटीच्या फरकाने लिंक गायब.

बिंदुस्पर्श

अगदी बरोबर. अक्षरं तंतोतंत जुळावी लागतात. आकड्यांचंही तेच, "15 जुलै" लिहिलंय आणि मी "१५" शोधलं तर काहीच येत नाही. एकदा जे धरलं ते सगळीकडे तसंच ठेवायचं.

सगळ्यात फसवी गोष्ट दिसतच नाही. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द घ्या. यातला "ऱ्या" दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. गाळणीला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून ज्या शब्दावरून लिंक शोधली जाईल तो शक्यतो साधा असावा. "शेतकऱ्यांसाठी तूर सल्ला" मध्ये मी "तूर" शोधीन, तेव्हा अडचण नाही. पण लिंकचं नाव नुसतंच "शेतकऱ्यांसाठी" असेल तर अर्ध्या लोकांना ती सापडणारच नाही.

वर्ग_संगणकाचा

जिल्ह्यांच्या नावांचाही विचार करावा लागेल. नावं 2023 मध्ये बदलली, पण कित्येक जण सवयीने अजून "उस्मानाबाद" किंवा "औरंगाबाद" टाइप करतात. गाळणी रिकामी यादी दाखवेल आणि त्यांना वाटेल या आठवड्यात सल्लाच आला नाही. "छ. संभाजीनगर" असं संक्षिप्त लिहिलं तर "छत्रपती" शोधणाऱ्यालाही सापडणार नाही. पूर्ण नाव लिहावं असं माझं मत. जुनं नाव जोडावं की नाही, हे ठरवणं अवघड आहे.

मांजराकाठ

जोडू नये. नाव लांबतं आणि डोळस वाचकालाही ते खटकेल. लोकांना नव्या नावाची सवय होईल.

दुधनेकर

आता मला एक अडचण दिसतेय. 24 लिंकमध्ये जिल्हा आणि पीक पुन्हापुन्हा लिहिलं तर डोळस वाचकाला पान भरगच्च वाटेल. त्यापेक्षा तक्ता बरा : आडव्या ओळींत जिल्हे, उभ्या रकान्यांत पिकं, प्रत्येक चौकटीत फक्त "वाचा". डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीतला 2.4.4 हा नियम, ए पातळीचा, सांगतो की लिंकचा हेतू तिच्या मजकुरावरून आणि संदर्भावरून कळला तरी पुरे. तक्त्याच्या चौकटीला जोडलेलं रकान्याचं शीर्षक हा संदर्भ धरला जातो. म्हणजे नियमात बसतंय.

बिंदुस्पर्श

नियमात बसतं, हे खरं. पण यादीत संदर्भ येतच नाही, हाच तर या धाग्याचा विषय आहे. नुसत्या लिंकवरून हेतू कळावा असं सांगणारा नियम 2.4.9 आहे आणि तो एएए पातळीचा, म्हणून बहुतेक जण सोडून देतात. तक्त्यातल्या चौकटींमधून फिरताना मला "हिंगोली, तूर, वाचा" असं नीट ऐकू येईल. `Insert+F7` दाबलं की चोवीस वेळा "वाचा".

दुधनेकर

मग तक्ता ठेवून नाव चौकटीबाहेरून जोडता येईल :

```html
<th id="tur">तूर</th>
...
<th id="hin">हिंगोली</th>
<td><a id="hin-tur" href="hingoli-tur.pdf"
  aria-labelledby="hin tur hin-tur">वाचा</a></td>
```

दिसताना फक्त "वाचा", यादीत "हिंगोली तूर वाचा". हे मी आत्ता तपासून टाकतोय, या वेळी नक्की.

बिंदुस्पर्श

हे चालतं. आणि इथे मराठीचा फायदा होतो. बोलून आज्ञा देणारे वापरकर्ते पडद्यावर दिसतो तो शब्द उच्चारतात, म्हणून दिसणारा शब्द लिंकच्या नावात असलाच पाहिजे, असा 2.5.3 नियम आहे. तो सुरुवातीला असावा अशी शिफारस आहे, सक्ती नाही. "वाचा" सुरुवातीला ठेवला असता तर पुन्हा सगळी नावं एकसारखी सुरू झाली असती. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे जिल्हा पुढे राहतो आणि दिसणारा शब्दही नावात येतो.

शब्दवेल्हाळ

तरी मला तक्ता पटत नाही. ताई मजकूर लिहितात आणि पान दुसरं कुणी चढवतं. पुढच्या हंगामात हरभरा आला, ओळ वाढवली आणि `id` चुकून तोच राहिला तर यादीत "तूर" म्हणेल आणि उघडेल हरभरा. ही चूक डोळ्यांना दिसणारच नाही, कारण पडद्यावर सगळीकडे "वाचा" च आहे. दिसणारं आणि ऐकू येणारं नाव एकच असेल तर मुद्रितशोधन करणाऱ्याला चूक सापडते. मी साध्या यादीच्याच बाजूने.

दुधनेकर

धोका खरा आहे. पण 24 ओळींची यादी मोबाइलवर फार लांब होते, हेही खरं.

गोदाकाठ

मी स्क्रीन रीडर न लावता तपासायचं असेल तर? दर आठवड्याला सहकाऱ्यांना त्रास देणं बरं वाटत नाही.

दुधनेकर

संगणकावर क्रोममध्ये पान उघडून `F12`, मग `Console`, आणि हे लिहा :

```js
[...document.links].map(a => a.textContent.trim()).sort()
```

अक्षरक्रमाने सगळी नावं येतील. एकासारखं एक नाव लागोपाठ आलं की समजा गडबड आहे. कॉपी करून चिकटवताना क्रोम अडवू शकतो, तेव्हा तो सांगेल तसं आधी `allow pasting` टाइप करावं लागतं. मर्यादा अशी की यात फक्त लिंकमधला मजकूर दिसतो. चित्राचं पर्यायी वर्णन किंवा मी वर दिलेली जोडणी यात दिसत नाही. तक्ता केलात तर इथे चोवीस "वाचा" च दिसतील.

बिंदुस्पर्श

रिकामं नाव आलं तर तिथे बहुधा चित्राची लिंक आहे, तेवढी जाऊन बघा. चित्राला `alt` नसेल तर यादीत फाइलचा पत्ता ऐकू येतो. आणि चित्र, शीर्षक, "अधिक वाचा" अशा तिन्ही जागी एकाच पीडीएफची लिंक देऊ नका. एका सल्ल्याच्या तीन नोंदी होतात, तुमच्या 24 च्या 72. शीर्षकालाच लिंक द्या आणि बाकी दोन काढा.

आणखी एक. "पीडीएफ" हा शब्द लिंकच्या आत ठेवा. बाहेर कंसात ठेवला तर यादीत येत नाही आणि माणूस पान उघडेल म्हणून एन्टर दाबतो, तर फाइल उतरू लागते.

मांजराकाठ

आवाजाचं काय? एकाने सांगितलं की त्याला मराठी पान नीट ऐकू येतं, पण यादी इंग्रजी आवाजात अडखळते.

बिंदुस्पर्श

कारण ती खिडकी एनव्हीडीएची स्वतःची आहे, पानाची नव्हे. पानावर `lang="mr"` असेल तर वाचताना आवाज मराठीत बदलतो. ते भाषेचं चिन्ह यादीच्या खिडकीत पोचत नाही, तिथे मूळ सेटिंगमधला आवाज राहतो. त्या मित्राने मूळ आवाजच देवनागरी वाचणारा निवडावा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. लेखकाने यासाठी लिंक इंग्रजीत लिहू नये.

गोदाकाठ

आत्तापुरतं असं ठरवलंय. तक्ता नाही, साधी यादी. जिल्ह्याचं शीर्षक तसंच ठेवते, म्हणजे `H` ने फिरणाऱ्यांना थांबे मिळतील. त्याखाली तीन लिंक :

हिंगोली : सोयाबीन सल्ला, पीडीएफ
हिंगोली : कापूस सल्ला, पीडीएफ
हिंगोली : तूर सल्ला, पीडीएफ

दोन ओळींचा मजकूर लिंकनंतर. वरचा खर्डा दुधनेकरांच्या ओळीने तपासला, 24 नावं वेगळी आली. एका जागी "परभणी" ऐवजी "परभनी" सापडलं, ते दुरुस्त केलं.

एकच राहिलं. मागचे अंक त्याच पानावर खाली "मागील सल्ले" या बटणामागे दडवलेले आहेत. तेही यादीत येतील का?

दुधनेकर

बटण दाबेपर्यंत ते `display: none` ने लपवलेले असतील तर नाही येणार. यादीत त्या क्षणी पानावर उघडं असेल तेवढंच येतं. आणि "मागील सल्ले" हे बटण असल्यामुळे तेही लिंकमध्ये दिसणार नाही, बटणांच्या यादीत दिसेल.

बिंदुस्पर्श

आणि उघडल्यावर "हिंगोली : तूर सल्ला, पीडीएफ" याच नावाच्या जुन्या लिंक येतील, तेव्हा त्यांना तारीख लागेल. "हिंगोली : तूर सल्ला, 7 जुलै, पीडीएफ" असं. चालू आठवड्याच्या लिंकलाही आतापासूनच तारीख द्या, म्हणजे ती खाली सरकवताना नाव बदलावं लागणार नाही.

गोदाकाठ

तारीख टाकते. आकडे इंग्रजीच ठेवते सगळीकडे. उद्या संध्याकाळपर्यंत पान चढेल, मग त्या सभासदांनाच पुन्हा यादी काढायला सांगते.